कोठाराची दुसरी किल्ली

काकांचा दवाखाना सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत आहे. चाळीस वर्षं ते तिथं एकटेच बसतात. मी पुण्यात मधुमेहाचे पेशंट बघते. रविवारी गावी गेले की जेवणानंतर काका एखादी फाइल माझ्यापुढं सरकवतात. सल्ला हवा असतो म्हणून नव्हे, वाद घालायला सोबत हवी असते म्हणून. मागच्या वर्षीची एक फाइल तीन रविवार पुरली. ती एका शिंप्याची होती. वय ३६, वजन ४६ किलो, दारूचा थेंब नाही, तंबाखू नाही.

पहिला रविवार

काका : चार वर्षांपासून डायबेटिस. गोळ्यांनी भागेना म्हणून दोन वर्षांपासून इन्सुलिन, तीस-सत्तरचं मिक्स. सकाळी २२ युनिट, रात्री १६. तरी तीन महिन्यांची सरासरी ९.२. मी डोस वाढवणारच होतो, तर परवा पहाटे तीनला बायको त्याला रिक्षात घालून घेऊन आली. घामानं चिंब, हाका मारल्या तरी डोळे उघडेना. साखर ३८! शिरेतून ग्लुकोज दिलं तसा पाच मिनिटांत उठून बसला. आणि सकाळी आठला तीच साखर २९०. आता सांग, याचं इन्सुलिन कमी करायचं की वाढवायचं?

मी : त्या रात्री तो जेवला होता का?

काका : भरपेट जेवलो म्हणतो. घरात लग्न होतं, पुरी-श्रीखंडाची पंगत होती. मला पटत नाही. इन्सुलिन घेऊन जेवण टाळल्याशिवाय साखर ३८ वर येते होय? पेशंट खोटं बोलतात, हे चाळीस वर्षांत शिकलोय मी.

मी : तो खरं बोलत असेल असं धरून चला. जेवण पोटात गेलं, पण रक्तात पोचलं नसेल तर?

काका : म्हणजे?

मी : त्याला शौचाबद्दल कधी विचारलंत? रंग फिका आहे का, भांड्याला तेलकट चिकटते का, पाणी ओतलं तरी जात नाही असं होतं का?

काका : डायबेटिसच्या पेशंटला मी पायाला मुंग्या येतात का ते विचारतो. संडासाचं कोण विचारतं?

मी : याला विचारायला हवं. आणि पोटदुखीचंही.

काका : ती होती. फाइलमध्ये मीच लिहिलंय बघ. चौदाव्या वर्षापासून अधूनमधून वरच्या पोटात दुखायचं, कळ पाठीपर्यंत जायची. दुखायला लागलं की गुडघे पोटाशी घेऊन बसायचा. सगळ्यांनी ॲसिडिटी म्हणून गोळ्या दिल्या, मीसुद्धा. तिशीत दुखणं आपोआप थांबलं. त्याला वाटलं, सुटलो.

मी : आणि दोन वर्षांनी डायबेटिस निघाला. काका, दुखणं थांबलं नव्हतं, दुखायला काही उरलं नव्हतं. स्वादुपिंड वर्षानुवर्षं आतून जळत राहिलं. पेशी मेल्या, त्यांच्या जागी व्रणासारखे दोरखंड झाले. जळण्यासारखं संपत आलं की वेदना कमी होते आणि त्याच सुमाराला साखर वाढते. सगळ्यांच्या बाबतीत हाच क्रम असतो असं नाही, पण हा क्रम दिसला की मला आधी स्वादुपिंडाचा संशय येतो.

काका : संशयावर मी डोस ठरवत नसतो. माझं गणित सरळ आहे. सरासरी ९.२ म्हणजे साखर जास्त, साखर जास्त म्हणजे इन्सुलिन कमी पडतंय. डायबेटिसला तुम्ही एक म्हणा, दोन म्हणा नाहीतर साडेतीन म्हणा. डोळ्यांना आणि किडनीला साखर कुठून आली ते कळत नाही.

मी : डोळ्यांचं आणि किडनीचं मान्य. गणित मात्र मान्य नाही. एका नदीची सरासरी खोली कमरेएवढी आहे, एवढ्या माहितीवर तुम्ही तिच्यात उतराल का? याची साखर पहाटे ३८ आणि दुपारी ३५० असेल, तर ९.२ हा आकडा त्याच्या आयुष्यातल्या कुठल्याच तासाचा नाही. तुम्ही सरासरीला औषध देताय आणि त्याचा जीव जातोय तो पहाटे तीनच्या आकड्यानं.

काका : बरं, मग सकाळचे २९० कुठून आले? साखर खाली गेली की शरीर उसळी मारतं, लिव्हर साखर ओततं. पुस्तकात आहे हे.

मी : आहे, पण ती उसळी मारायला ग्लुकागॉन लागतं. याच्याकडं ते असेल असं मला वाटत नाही. तुम्ही शिरेतून ग्लुकोज दिलंत. त्यानंतर घरी गेल्यावर त्यानं काय खाल्लं ते विचारलंत?

काका : (थोडं थांबून) बायको म्हणाली, घाबरून गुळाचे खडे खाल्ले. आणि वर दोन कप साखरेचा चहा.

मी : तर २९० ची वाट तीच. आणखी एक सांगा. कधी त्याचं इन्सुलिन चुकलंय का?

काका : गेल्या आषाढात वारीला गेला, तेव्हा इन्सुलिन उन्हानं खराब होईल म्हणून घरी ठेवून गेला होता. सहा दिवस बिनइन्सुलिनचा चालला. परत आला तेव्हा साखर ४५० च्या घरात. मी घाबरून लघवीत किटोन तपासले, एकही नव्हता. म्हणूनच तर मी म्हणतो हा टाइप टू. टाइप वन असता तर सहा दिवसांत आडवा झाला असता.

मी : टाइप वन नाही हे बरोबर, पण म्हणून टाइप टू ठरत नाही. ४६ किलोचा माणूस, इन्सुलिनशिवाय साखर ४५०, तरी किटोन नाहीत. ही तिसऱ्याच घराची खूण आहे. पोटाचा साधा एक्स-रे काढा. सोनोग्राफी करा, शौचाचा नमुना इलॅस्टेजसाठी पाठवा आणि सी-पेप्टाइड बघा. तोवर रात्रीचे १६ चे १० करा.

काका : सरासरी ९.२ आणि डोस कमी? लोक मला वेड्यात काढतील.

दुसरा रविवार

काकांनी एक्स-रे खिडकीच्या काचेला लावून ठेवला होता. मणक्याच्या दोन्ही बाजूंना, कमरेच्या थोडं वर, ज्वारीचे दाणे विखुरल्यासारखे पांढरे ठिपके दिसत होते.

काका : खडे. किडनीत नाहीत, आडवे पसरलेत. सोनोग्राफीवाला म्हणाला, स्वादुपिंड आक्रसलंय, नळी फुगलीय, तिच्यात खडे. शौचातलं इलॅस्टेज ४२ आलं. २०० च्या वर हवं म्हणतात.

मी : १०० च्या खाली म्हणजे पाचकरस जवळपास आटलाय. आणि सी-पेप्टाइड?

काका : तळाला. म्हणजे त्याचं स्वतःचं इन्सुलिन नावापुरतं उरलंय. आणि इथंच मी तुला पकडतो. टाइप टूवाल्याकडं स्वतःचं इन्सुलिन असतं, वर आपण देतो. याच्याकडं नाहीच. मग याला टाइप टूपेक्षा जास्त लागायला हवं. तू म्हणतेस कमी. हे कुठल्या न्यायानं?

मी : टाइप टूच्या माणसाला जास्त लागतं ते इन्सुलिन नसतं म्हणून नव्हे, शरीर त्याचं ऐकत नाही म्हणून. पोटाचा घेर, चरबी भरलेलं यकृत आणि सुस्त स्नायू असतील तर एका युनिटाचं काम करायला तीन लागतात. अशा माणसाला किलोमागं एक युनिटही कधीकधी पुरत नाही. तुमच्या शिंप्याच्या अंगावर चरबी नाही. त्याचे स्नायू इन्सुलिनचा शब्द खाली पडू देत नाहीत. त्याला किलोमागं अर्धं युनिट किंवा त्याहूनही कमी पुरत असेल, आणि तुम्ही देत होता ०.८.

काका : हे झालं एक कारण.

मी : दुसरं कारण समजून घ्यायला घरातलं धान्याचं कोठार डोळ्यांपुढं आणा. यकृत म्हणजे कोठार. जेवण झालं की धान्य आत भरायचं, उपाशी वेळी बाहेर काढायचं. भरायची किल्ली इन्सुलिनकडं आणि काढायची ग्लुकागॉनकडं. दोघं राहतात एकाच घरात, स्वादुपिंडातल्या लँगरहॅन्सच्या बेटांवर. बीटा पेशी इन्सुलिन करतात आणि शेजारच्या अल्फा पेशी ग्लुकागॉन. टाइप टूमध्ये भरणारा थकतो, काढणारा मात्र गरज नसताना रात्रंदिवस धान्य बाहेर ओतत राहतो. त्याला आवरायलाही जास्त इन्सुलिन लागतं. तुमच्या पेशंटच्या घराला आग लागली. त्यात दोघंही गेले.

काका : म्हणजे साखर ओतणाराच नाही, म्हणून इन्सुलिन कमी लागतं.

मी : बरोबर. आणि म्हणूनच किटोनही झाले नाहीत. चरबी जाळून किटोन करायचा हुकूम यकृताला बराचसा ग्लुकागॉनकडून मिळतो. तो हुकूम देणारा नव्हता, थोडं इन्सुलिन शिल्लक होतं आणि जाळायला चरबीही फार नव्हती. म्हणून तो वारीत तरला. दुसरी किल्ली हरवल्याचा फायदा झाला तो एवढाच. पण पहाटे तीनला त्याच हरवलेल्या किल्लीनं त्याचा घात केला.

काका : थांब. टाइप वनच्या जुन्या पेशंटमध्येही ग्लुकागॉन दगा देतं. हे मलाही माहीत आहे.

मी : देतं, पण तिथं अल्फा पेशी जिवंत असतात. शेजारी बीटा पेशी राहिलेल्या नसल्यानं साखर पडल्याची वर्दीच त्यांना मिळत नाही. इथं वर्दी घेणारा घरात नाही. आता निरोगी माणसाची साखर उतरते तेव्हा काय होतं ते पायरीपायरीनं बघा. ८० च्या आसपास स्वादुपिंड इन्सुलिन सोडायचं थांबवतं. ७० च्या खाली ग्लुकागॉन सुटतं आणि पाठोपाठ ॲड्रेनलिन. ५५ च्या सुमाराला माणसाला थरथर, घाम, भूक जाणवते आणि तो खायला उठतो. तुमच्या पेशंटची पहिली पायरी तुटलेली, कारण टोचलेलं इन्सुलिन थांबवता येत नाही. दुसरी तुटलेली, कारण अल्फा पेशी नाहीत. उरलं एकटं ॲड्रेनलिन. आणि साखर वारंवार पडू लागली की तेही उशिरा जागं होतं. मग घाम फुटायच्या आधीच शुद्ध हरपते.

काका : म्हणून बायकोला कळलं ते अंथरूण ओलं लागलं तेव्हा.

मी : हो. नशीब, तिला जाग आली.

काका : तिनं त्याच्या तोंडात साखर कोंबली होती. मी तिला ओरडलो. बेशुद्ध माणूस गिळत नाही, ते फुप्फुसात जातं. कुशीवर वळवायचं आणि गाडी बघायची. तसं मग ग्लुकागॉनचं इंजेक्शनच घरी का ठेवू नये?

मी : मिळालं तर जरूर ठेवावं. पण ती किल्ली झाली, धान्य नव्हे. खंगलेल्या माणसाच्या कोठारातच काही नसेल तर किल्ली फिरवून काय हाती लागणार? दारू पिणाऱ्याचं आणखी वाईट, कारण यकृत नवी साखर बनवतं तेही दारू थांबवते. म्हणून इंजेक्शन दिलं तरी ग्लुकोजसाठी दवाखाना गाठायचाच. शुद्धीत असेल तर तीन चमचे ग्लुकोज पावडर पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा साखर तपासायची आणि ती वर आल्यावर पोळी किंवा भात खायचा.

काका : हे सगळं मान्य केलं तरी त्या रात्रीची पुरी आणि श्रीखंड गेलं कुठं?

मी : ते तिसरं कारण, आणि सगळ्यांत दुर्लक्षित. १८८९ साली स्ट्रासबुर्गला फॉन मेरिंग आणि मिंकोव्स्की यांनी कुत्र्याचं स्वादुपिंड काढलं आणि त्याला मधुमेह झाला. तिथून इन्सुलिनचा शोध सुरू झाला, हे आपण सगळे शिकतो. पुढचं कुणी शिकवत नाही. इन्सुलिन सापडल्यावर टोरांटोमध्ये असे स्वादुपिंड काढलेले कुत्रे इन्सुलिनवर ठेवले. साखर ताब्यात आली, तरी ते यकृतात चरबी साचून मरायला लागले. मग त्यांच्या खाण्यात कच्चं स्वादुपिंड मिसळायला लागले, तेव्हा ते जगले. म्हणजे स्वादुपिंड गेलं की दोन गोष्टी जातात, रक्तात सोडायचे हॉर्मोन आणि आतड्यात सोडायचे पाचकरस. आपण पहिलं टोचून देतो आणि दुसरं विसरतो.

काका : माझ्या पेशंटचं पाचकरसाचं दुकान बंद, म्हणून पुरी तशीच निघून गेली.

मी : बरीचशी. चरबी फोडणारं लायपेज सगळ्यांत आधी संपतं, म्हणून शौच तेलकट होतं. मागोमाग पिष्ट आणि प्रथिनंही अर्धवट पचतात. आणि हे रोज सारखं नसतं. साधी भाकरी-आमटी एखाद वेळी बरी पचेल, तेलकट पंगत वाहून जाईल. तुमचं १६ युनिटांचं मिक्स मात्र हे काही विचारत नाही. त्यातली ११ युनिटं लांब पल्ल्याची असतात. नऊला टोचली की मध्यरात्रीनंतर जोर धरतात. खाली रिकामं आतडं, रिकामं कोठार, कोठार उघडणारा नाही. ३८ यायला आणखी काय लागतं?

काका : (बऱ्याच वेळानं) मी त्याला म्हणालो होतो, जेवला नसशील.

तिसरा रविवार

हा रविवार सहा आठवड्यांनी आला आणि काका रागावलेले होते. मध्ये आम्ही दोन गोष्टी बदलल्या होत्या. प्रत्येक कॅप्सूलमध्ये २५,००० युनिट लायपेज असलेली स्वादुपिंडाच्या एन्झाइमची औषधं सुरू केली. दोन्ही मुख्य जेवणांबरोबर दोन-दोन, नाश्त्याबरोबर एक. आणि मिक्स बंद करून इन्सुलिन दोन प्रकारांत वाटलं. सकाळी एकदा लांब पल्ल्याचं ९ युनिट. नाश्त्याला ४, दोन्ही जेवणांना ५-५ युनिट झटपट काम करणारं. सगळे मिळून २३. हे आकडे त्याच्या वजनाचे आणि त्याच्या नोंदींचे, दुसऱ्या कुणी उचलायचे नव्हेत.

काका : तुझ्या कॅप्सूलनी घोळ केला. पहिले दोन आठवडे सगळं छान, पहाटेची साखर १२० ते १५०. मग जेवणानंतरची चढायला लागली. २५०, २७०. मी म्हटलं, पोरीनं इन्सुलिन कापलं, घ्या आता.

मी : शौच कसं आहे?

काका : घट्ट झालं. तेल दिसत नाही म्हणतो.

मी : मग ही साखर चढली ही चांगली खबर आहे. अन्न पहिल्यांदाच रक्तात पोचतंय. जे पचत नव्हतं त्यासाठी इन्सुलिन लागत नव्हतं, आता लागेल. कॅप्सूल सुरू केल्यावर पहिले काही आठवडे साखर जास्त वेळा बघायची ती यासाठीच. जेवणाचं एकेक युनिट वाढवा, लांब पल्ल्याच्याला हात लावू नका.

काका : तेच केलं. जेवणाचं ६-६ केलं. पण आधी एक गोष्ट शोधून काढली, ती तुझ्या पुण्यात सापडली नसती. तो दोन्ही कॅप्सूल जेवणाच्या अर्धा तास आधी घ्यायचा! पूर्वी कुणीतरी पित्ताची गोळी अनशापोटी घ्यायला सांगितली होती, तोच नियम त्यानं इथं लावला. मी त्याला म्हटलं, बाबा, हे औषध नव्हे, हा रस आहे, घासाबरोबर जायला हवा. एक पहिल्या घासाला, दुसरी जेवण निम्मं झाल्यावर. चावायची नाही, फोडायची नाही.

मी : हे मी विचारायला विसरले होते.

काका : आणि त्याला एका डॉक्टरनं तेल बंद करायला सांगितलं होतं. दोन वर्षं कोरडी भाकरी खात होता. माझ्याकडून पाचक सिरप न्यायचा.

मी : त्या सिरपात चरबी फोडणारं लायपेज बहुधा नसतंच. आणि तेल कायमचं बंद केलं की वजनही जातं, चरबीत विरघळणारी जीवनसत्त्वंही जातात. ड जीवनसत्त्व आणि हाडं तपासायला हवीत. कॅप्सूलसोबत त्यानं घरच्यासारखं जेवावं.

काका : आता माझा खरा मुद्दा ऐक. तू साखर पडायच्या भीतीनं हातचं राखून ठेवतेस. पण हा छत्तीस वर्षांचा आहे, शंभर वर्षांचा नव्हे. याला अजून तीस-चाळीस वर्षं काढायचीत. साखर २५० वर सोडलीस तर पंधरा वर्षांनी शिलाई मशीनच्या सुईत दोरा ओवता येणार नाही. मी असे डोळे पाहिलेत.

मी : इथं तुमचं बरोबर आहे. पूर्वी वाटायचं, स्वादुपिंडाच्या मधुमेहात डोळे-किडनी वाचतात. वाचत नाहीत. पूर्वी ही माणसं तितकी वर्षं जगत नव्हती, म्हणून ते दिसत नव्हतं, इतकंच. केरळात डॉ. गीवर्गीस यांनी साठच्या दशकात शेकडो असे रुग्ण नोंदवले, तेव्हा चित्र असंच होतं. बालपणी पोटदुखी, वयात येताना मधुमेह, ऐन तारुण्यात मृत्यू.

काका : मग सरासरी सातवर आण.

मी : आणायला आवडेल, पण क्रम उलटा ठेवा. आधी ७० च्या खालचे आकडे बंद करायचे. दोन-तीन आठवडे साखर अजिबात पडली नाही की ॲड्रेनलिनची घंटा पुन्हा वेळेवर वाजायला लागते. मग वरची टोकं छाटायची, जेवणाचं इन्सुलिन नीट बसवून. सरासरी त्यात आपोआप उतरते. तुम्ही सरासरीपासून सुरू करता आणि खालचं टोक तिच्याबरोबर खाली ओढलं जातं.

काका : त्यापेक्षा गोळी जोडली तर? आजकालची ग्लिप्टिनं साखर पाडत नाहीत म्हणे.

मी : ज्याच्या स्वादुपिंडाला सूज येत आलीय त्याला ग्लिप्टिन किंवा त्याच जातीची वजन उतरवणारी इंजेक्शनं मी देत नाही. स्वादुपिंडदाहाची शंका त्यांच्यावर आहेच. लघवीतून साखर घालवणारी गोळी याचं उरलंसुरलं वजन घालवेल आणि इन्सुलिन कमी असताना किटोनचा धोका वाढवेल. मधुमेह नुकताच लागला असेल तर मेटफॉर्मिन चालतं. याची ती वेळ गेली.

काका : बरं. आता उपवासाचं सांग. हा सोमवार आणि एकादशी धरतो. आणि दुसरं, केरळात टॅपिओका खाऊन हा रोग होतो असं आम्ही शिकलो होतो. आपला साबुदाणा त्याच कंदाचा. मग त्याला खिचडी बंद करू का?

मी : टॅपिओकाचा तो तर्क टिकला नाही. जिथं हा कंद कुणी खात नाही तिथंही हे खडे सापडतात. आता स्पिंक-१ नावाच्या जनुकातला बदल अनेक भारतीय रुग्णांत दिसतो. स्वादुपिंडाचा रस स्वादुपिंडालाच पचवू नये म्हणून जो आवर असतो, तो त्यामुळं ढिला पडतो. त्यावर आणखी कशाची भर पडते हे सगळं उलगडलेलं नाही. तेव्हा साबुदाण्याचा दोष काढायचा तर एवढाच, की तो साखर झपाट्यानं चढवतो. धोका खिचडीत नाही, रिकाम्या पोटावर टोचण्यात आहे. खाणार नसेल त्या वेळचं झटपट इन्सुलिन घ्यायचं नाही. खिचडी खाल्ली तर त्यापुरतं घ्यायचं, कॅप्सूलसकट. किती खाणं होईल याची खात्री नसेल, तर या इन्सुलिनचा एक गुण आहे, ते जेवण झाल्या झाल्या घेतलं तरी चालतं. पंगतीतही तोच नियम.

काका : आणि तपासायचं कधी? शर्टाची शिलाई घेऊन जगणारा माणूस हा. तुमचे दंडाला चिकटवायचे सेन्सर त्याला परवडणार नाहीत. कॅप्सूलचाच खर्च डोक्यावर आहे.

मी : सेन्सर एकदाच, चौदा दिवसांसाठी, रात्रीचा आलेख कळण्यापुरता. पुढं पट्ट्या जपून वापरायच्या. आठवड्यातून दोनदा पहाटे तीनला, रोज एकदा आलटून पालटून जेवणाआधी आणि दोन तासांनी. पैशाची ओढाताण झाली तर महागडं इन्सुलिन बदलून स्वस्त घेऊ, पण कॅप्सूल तोडायच्या नाहीत. कॅप्सूल चुकली आणि इन्सुलिन चाललं, तर ती पंगतीची रात्र पुन्हा येईल.

काका : हे त्याच्या बायकोला सांगतो. त्याच्यापेक्षा तिच्या लक्षात राहील.

मी : आणि आणखी एक, फाइलवर मोठ्या अक्षरात. साखर नीट असताना वजन पुन्हा उतरायला लागलं किंवा थांबलेलं दुखणं परत आलं, तर त्याच आठवड्यात सीटी स्कॅन. वर्षानुवर्षं दाह झालेल्या स्वादुपिंडात कॅन्सरचा धोका इतरांपेक्षा बराच जास्त असतो. तिथं डोस वाढवत बसायचं नाही.

त्यानंतर सहा महिन्यांनी शिंप्याचं वजन ५१ किलो झालं आणि सरासरी ७.८. काकांना ती अजूनही जास्त वाटते आणि मला पुरेशी. हा वाद मिटलेला नाही, मिटायची गरजही नाही. त्याचे डोळे वाचवायचं काम काकांनी धरलंय आणि रात्री वाचवायचं मी. मात्र काकांच्या फाइलचं पहिलं पान बदललंय. पूर्वी त्यावर वर सरासरी असायची आणि खाली डोस. आता सगळ्यांत वर महिन्यातली सर्वांत खालची साखर आणि तिची वेळ असते, मग शौचाची एक ओळ, मग सरासरी. डोस सगळ्यांत शेवटी, पेन्सिलनं.